प्रबंधातील साम्याची टक्केवारी आणि मसुदा पूर्ण झाल्याचा निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधीच्या काही महिन्यांत संशोधक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची ही उत्तरे आहेत. बहुतेक प्रश्नांचा सूर एकच असतो : टक्केवारी अमुक आली आहे, ती तमुकवर कशी आणावी? कोणतेही उत्तर सुटे वाचता येईल, मात्र तिसऱ्या प्रश्नातील उदाहरण आधी वाचल्यास पुढचे समजायला सोपे जाईल.

१. साम्याची टक्केवारी म्हणजे नेमके काय? ती चोरीची टक्केवारी असते का?

नाही. टर्निटिन किंवा ड्रिलबिटसारखे सॉफ्टवेअर आपल्या मजकुरातील शब्दांच्या सलग ओळी त्याच्याजवळच्या संग्रहाशी, म्हणजे संकेतस्थळे, नियतकालिके आणि पूर्वी जमा झालेले प्रबंध यांच्याशी, ताडून पाहते. जुळलेल्या शब्दांना एकूण शब्दांनी भागून जो आकडा येतो तो साम्याची टक्केवारी. जुळलेला मजकूर अवतरणचिन्हांत आहे का, त्याखाली संदर्भ दिला आहे का, तो कायद्याच्या कलमाचा शब्दशः उतारा आहे का, की कोणाचा परिच्छेद नाव न देता उचललेला आहे, याचा निवाडा तो आकडा करीत नाही. तो निवाडा अहवाल उघडून वाचणाऱ्या माणसालाच करावा लागतो. म्हणून सहा टक्क्यांच्या प्रबंधात वाङ्मयचौर्य असू शकते आणि सोळा टक्क्यांचा प्रबंध संपूर्ण प्रामाणिक असू शकतो.

२. दहा टक्क्यांची मर्यादा आली कोठून?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणसंस्थांमधील वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले, त्यांत साम्याचे चार स्तर आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्यास दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असल्यास ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. चाळीसच्या वर साठपर्यंत असल्यास एक वर्ष सुधारित प्रत सादर करता येत नाही आणि साठच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते.

या आकड्यांइतकेच महत्त्वाचे, पण क्वचितच वाचले जाणारे कलम वगळण्याविषयीचे आहे. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसामान्य संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हे आणि समीकरणे ही तपासणीतून वगळायची आहेत. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही त्यात धरायचे नाही. म्हणजे दहाची मर्यादा लागू होते ती हे सारे वजा केल्यावर उरणाऱ्या साम्याला. पहिल्या अहवालाच्या कोपऱ्यात दिसणारा आकडा बहुधा ही वजाबाकी न केलेला असतो, आणि संशोधक नेमके त्यालाच घाबरून लिहायला बसतात.

३. माझ्या प्रकरणाची टक्केवारी अठरा आली. आता कोठून सुरुवात करू?

लिहिण्यापासून करू नका, वर्गीकरणापासून करा. एक उदाहरण मांडतो. समजा, प्रकरण ८,००० शब्दांचे आहे आणि साम्य १८ टक्के, म्हणजे १,४४० शब्द जुळले आहेत. अहवालाची प्रत छापून घ्यावी आणि प्रत्येक रंगीत पट्ट्याशेजारी पेन्सिलीने एक अक्षर लिहावे : संदर्भसूचीसाठी ‘सू’, श्रेय दिलेल्या अवतरणासाठी ‘अ’, संज्ञा किंवा प्रमाणित वाक्यरचनेसाठी ‘सं’, स्वतःच्या शोधनिबंधासाठी ‘स्व’ आणि ज्याचे समर्थन करता येत नाही त्यासाठी फुली. आपल्या प्रकरणात ‘सू’चे ६२० शब्द निघाले, ‘अ’चे २१०, ‘सं’चे २६०, ‘स्व’चे २०० आणि फुलीचे १५०.

आता चित्र पालटते. सूची, अवतरणे आणि संज्ञा मिळून १,०९० शब्द नियमाप्रमाणेच वगळायचे आहेत. उरले ३५०. सोयीसाठी एकूण शब्दसंख्या तीच धरली तर हे साडेचार टक्क्यांहून कमी भरतात. त्यांपैकी २०० शब्दांचे काय करायचे ते सातव्या प्रश्नात आहे. प्रत्यक्षात पुन्हा लिहायचे काम १५० शब्दांचे, म्हणजे पूर्वसाहित्याच्या आढाव्यातील दोन-तीन परिच्छेदांचे आहे. एका दुपारचे काम.

हेच प्रकरण ‘अठराचे दहा करायचे’ या हेतूने हाती घेतले तर ६४० शब्द कोठून तरी घटवावे लागतात. संशोधक वरून खाली एकेक रंगीत ओळ बदलत जातो. संदर्भसूचीतल्या ग्रंथनामांना हात लावता येत नाही, म्हणून तो संशोधनपद्धतीच्या निर्दोष वाक्यांवर जातो आणि ती बिघडवतो. त्या भरात फुलीचे १५० शब्द कधी बदलतात, कधी तसेच राहतात, कारण त्याच्या लेखी सगळे रंग सारखेच असतात. आठवडाभराने आकडा दहावर येतो, पण दोष होता तेथेच असतो. आकड्यामागे लागण्याने वेळ वाया जातो असे मी म्हणतो ते याच कारणाने : चूक कोठे आहे हे आकडा सांगत नाही, म्हणून दुरुस्तीची दिशाही त्यातून मिळत नाही.

४. समानार्थी शब्द घातले की टक्केवारी लगेच उतरते. मग तसे करायला हरकत काय?

हरकत दोन प्रकारची आहे. पहिली अर्थाची. ‘नमुना निवड यादृच्छिक पद्धतीने केली’ हे वाक्य शेकडो प्रबंधांत असते, कारण ते तसेच लिहायचे असते. टक्केवारीसाठी एखादा संशोधक ‘नमुन्यांची पसंती अनियमित रीतीने केली’ असे करतो. यादृच्छिक निवडीत प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी असते. अनियमित निवडीला कोणताच नियम नसतो. म्हणजे आपली पद्धत सदोष होती अशी कबुलीच त्याने लिहून दिली. ‘सार्थकता पातळी’ची ‘महत्त्वाची पातळी’ आणि ‘प्रमाण विचलना’चा ‘मानक फरक’ झाला की वाचणाऱ्या परीक्षकाला संशोधकाचा विषयच कच्चा वाटू लागतो. संज्ञा बदलायच्या नसतात.

दुसरी हरकत प्रामाणिकपणाची. मूळ लेखात असे वाक्य आहे असे धरू : ‘अवर्षणप्रवण गावांत शेततळ्यांमुळे संरक्षित सिंचनाची सोय झाली, तरी तिचा लाभ तळ्याचा आकार आणि अस्तर यांवर अवलंबून राहिला.’ त्याचे ‘दुष्काळी खेड्यांमध्ये शेततळ्यांनी संरक्षित सिंचनाची सुविधा निर्माण केली, परंतु तिचा फायदा तळ्याच्या आकारमानावर व अस्तरावर विसंबून होता’ असे केले तर सॉफ्टवेअर फसेल. तरीही विचार, क्रम आणि वाक्याचा सांगाडा दुसऱ्याचाच आहे, आणि संदर्भ नसेल तर हे वाङ्मयचौर्यच आहे.

योग्य मार्ग असा की मूळ लेख मिटवून ठेवावा, त्यातून आपल्या मुद्द्याला काय हवे ते स्वतःला विचारावे आणि तेवढेच लिहावे : ‘शेततळे खोदले म्हणजे पाणी टिकलेच असे नाही. अस्तर नसलेल्या तळ्यांचा लाभ मर्यादित राहिल्याचे या अभ्यासात दिसते, आणि म्हणूनच प्रस्तुत सर्वेक्षणात अस्तर हा स्वतंत्र प्रश्न ठेवला आहे’, आणि पुढे संदर्भ. येथे टक्केवारीही उतरते, पण ती आपण मजकूर समजून घेतल्यामुळे. शिवाय दुसऱ्याचा निष्कर्ष आपल्या अभ्यासाशी जोडला गेला, जे पूर्वसाहित्याच्या आढाव्याचे खरे काम आहे.

५. काहीही नवीन घातले नाही, उलट दुरुस्त्या केल्या, तरी दुसऱ्या तपासणीत टक्केवारी वाढली. असे कसे?

याची तीन कारणे नेहमी आढळतात. पहिले, दोन वेळच्या मांडण्या वेगळ्या असतात. एकदा संदर्भसूची वगळली, एकदा नाही. एकदा लहान जुळण्या वगळण्याची किमान शब्दसंख्या चौदा ठेवली, एकदा पाच. दुसरे, संग्रह दररोज वाढतो. मधल्या काळात त्याच विषयावरील एखादा प्रबंध त्यात आला तर आपले न बदललेले वाक्यही रंगते. तिसरे कारण सर्वांत त्रासदायक आहे : पहिला मसुदा तपासताना तो संग्रहात जमा झाला असेल, तर पुढची तपासणी आपल्याला आपल्याशीच ताडते आणि साम्य नव्वदच्या पुढे जाते.

म्हणून ग्रंथालयात मसुदा देताना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : तो संग्रहात जमा न करता तपासला जाईल ना, आणि कोणकोणते घटक वगळलेले आहेत. मांडणी ठाऊक नसेल तर चौदा टक्के आणि अकरा टक्के या दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही. एकाच दस्तऐवजाच्या वारंवार तपासण्यांना टर्निटिनमध्ये पहिल्या काही फेऱ्यांनंतर चोवीस तासांची प्रतीक्षाही लागते. रोज एक फेरी करीत राहणाऱ्याचे पंधरवडे असे जातात.

६. थोडा मजकूर वाढवून किंवा जुळलेला भाग काढून टाकून टक्केवारी बसवता येईल का?

गणित पाहा. १०,००० शब्दांत १,२०० जुळले असतील तर साम्य १२ टक्के. ते भर घालून १० वर आणायचे तर न जुळणारे आणखी २,००० शब्द लिहावे लागतात. काढून टाकून आणायचे तर २०० शब्द काढून पुरत नाही, कारण एकूण संख्याही घटते. सुमारे २२० काढावे लागतात. पहिल्या वाटेने प्रबंधात निरर्थक भरती होते, दुसऱ्या वाटेने बहुधा अवतरणे जातात, कारण ती काढायला सर्वांत सोपी असतात. साहित्य, इतिहास किंवा कायद्याच्या प्रबंधात अवतरण हाच पुरावा असतो. कवितेची ओळ न देता कवितेचे विवेचन करणारा प्रबंध टक्केवारीत कितीही बसला तरी उभा राहत नाही.

७. साम्य माझ्याच प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाशी आहे. तेही पुन्हा लिहावे लागेल का?

बहुतेक वेळा पुन्हा लिहावे लागत नाही, जाहीर करावे लागते. स्वतःचे पूर्वप्रसिद्ध लेखन पुरेसा संदर्भ न देता नवे म्हणून मांडणे अमान्य आहे, असे आयोगाने एप्रिल २०२०च्या सूचनेत स्पष्ट केले आहे. म्हणून प्रकरणाच्या आरंभी ‘या प्रकरणाचा अमुक भाग तमुक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे’ असे नोंदवावे, सूचीत तो निबंध द्यावा आणि त्या स्रोताचे साम्य वगळण्यासाठी मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र लागते का, हे विद्यापीठाच्या नियमात पाहावे.

मात्र निबंधाला सहलेखक असतील तर एक अडचण उभी राहते. कोणता भाग कोणी लिहिला हे स्पष्ट नसताना सगळा मजकूर ‘स्व’ या खात्यात टाकता येत नाही. अशा वेळी सहलेखकांची लेखी संमती घ्यावी आणि आपण न केलेले विश्लेषण त्यांच्या नावानेच सांगावे.

८. माझा प्रबंध मराठीत आहे आणि साम्य फक्त दोन टक्के आले. म्हणजे मी निश्चिंत राहू का?

आधी टंक पाहा. श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत संगणकाच्या दृष्टीने देवनागरी अक्षरे नसतातच, रोमन चिन्हे देवनागरीच्या आकारात दाखवलेली असतात. सॉफ्टवेअर ती रोमन चिन्हे वाचते आणि युनिकोडमधील मराठी मजकुराशी ती कधीच जुळत नाहीत. असा दोन टक्क्यांचा अहवाल म्हणजे तपासणी झालीच नाही याची खूण आहे. खात्री करणे सोपे आहे : प्रबंधातील एक ओळ उचलून साध्या मजकूर-फाइलीत चिकटवावी. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर टंक जुना आहे. पानांची छायाचित्रे असलेल्या पीडीएफमधून तर मजकूर मिळतच नाही.

युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या ठिकठिकाणी तुटतात, त्यामुळे तपासणीआधी संपूर्ण वाचन आवश्यक आहे. टंक बरोबर असला तरी मराठीतील पुष्कळ ग्रंथ आणि जुनी मासिके संगणकीय संग्रहात नाहीत. त्यामुळे मराठी प्रबंधातील कमी टक्केवारीला इंग्रजीतील कमी टक्केवारीइतके वजन देता येत नाही. वाचताना केलेल्या टिपणांत कोणते वाक्य ग्रंथातले आणि कोणते आपले, हे वेगळे नोंदलेले असणे येथे अधिक मोलाचे ठरते.

९. इंग्रजी लेखातील परिच्छेद मी मराठीत अनुवादित करून घातला आहे. तो अहवालात दिसत नाही. मग संदर्भ द्यायलाच हवा का?

होय. तो दिसत नाही कारण शब्द जुळत नाहीत. विचार दुसऱ्याचा आहे यात त्याने फरक पडत नाही. शब्दशः अनुवाद असेल तर तो अवतरण म्हणून द्यावा, ‘अनुवाद प्रस्तुत संशोधकाचा’ अशी नोंद करावी आणि मूळ पृष्ठक्रमांक द्यावा. सारांश असेल तर संदर्भ पुरेसा आहे.

१०. मग मसुदा तयार झाला हे ठरवायचे कशावरून?

मी संशोधकांना चार कसोट्या सांगतो, आणि त्यांतील एकही टक्क्यांत नाही. अहवालात अक्षर न लिहिलेली एकही जुळणी उरलेली नसावी आणि फुलीची प्रत्येक जुळणी चौथ्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे मिटलेली असावी, ही पहिली. दुसरी उलट दिशेची आहे. पूर्वसाहित्याच्या आढाव्यातील जे परिच्छेद रंगलेले नाहीत, त्यांतील प्रत्येक दाव्याचा स्रोत टिपणवहीत सापडला पाहिजे. आठव्या आणि नवव्या प्रश्नांतील चुका याच कसोटीत सापडतात, कारण अहवाल त्यांच्याबाबत मुका असतो. तिसरी : प्रकरणातील सर्व संज्ञा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच रूपात असाव्यात. फेरफार करताना ‘यादृच्छिक’चे कोठेतरी ‘अनियमित’ झालेले नाही ना, हे शोधसुविधेने पाहता येते.

चौथ्या कसोटीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. मागच्या फेरीत केलेले बदल एकेक करून पाहावेत आणि प्रत्येकाचे कारण टक्केवारीचा उल्लेख न करता सांगता येते का, हे तपासावे. ‘येथे संदर्भ राहिला होता’, ‘हा निष्कर्ष तक्त्याशी जुळत नव्हता’ ही कारणे झाली. ‘हे वाक्य लाल होते’ हे कारण नाही. ज्या फेरीतील बहुतेक बदलांना असे कारण देता येत नाही, त्या फेरीपूर्वीची प्रत तयार होती असे समजावे, ती प्रत परत घ्यावी आणि मार्गदर्शकांकडे द्यावी. याचसाठी प्रत्येक फेरीपूर्वीची प्रत तारीख घालून वेगळी जपून ठेवणे आवश्यक आहे.

साधारणतः दोन तपासण्या पुरतात : पहिली वर्गीकरणासाठी आणि दुसरी, मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या झाल्यावर, अंतिम नोंदीसाठी. मध्येच एखादे प्रकरण मुळापासून बदलले तर तिसरी.

११. सर्व जुळण्यांचे समर्थन करता येते, पण वगळूनही अकरा टक्के उरतात, आणि कार्यालय दहाच्या वर घेत नाही. आता?

हा खरा पेच आहे, आणि कायदा, लोकसाहित्य किंवा ग्रंथसंपादनाच्या विषयांत तो वारंवार येतो. वाक्ये मोडण्याआधी तीन पावले टाकावीत. सॉफ्टवेअरने अवतरणे ओळखली आहेत का ते पाहावे. परिच्छेद आत सरकवून, पण चिन्हांविना दिलेले लांब अवतरण काही वेळा वगळले जात नाही. अशा अवतरणांसाठी विद्यापीठाच्या लेखनपद्धतीत काय चालते ते विचारून घ्यावे. लांब मूळ उतारे परिशिष्टात हलवून प्रकरणात फक्त विवेचनापुरत्या ओळी ठेवता येतात का, हे पाहावे. यामुळे पुष्कळदा प्रकरण वाचनीयही होते. एवढे करूनही उरले, तर तिसऱ्या प्रश्नातील वर्गीकरणाचा तक्ता, स्रोत, शब्दसंख्या आणि वगळण्याचा आधार या स्तंभांसह, मार्गदर्शकांच्या सहीने विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीपुढे ठेवावा. विनियमांत अशी समिती प्रत्येक विभागात असणे अपेक्षित आहे, आणि नियमाचा आधार देऊन मांडलेला तक्ता हे तिच्यापुढचे योग्य कागदपत्र आहे.

१२. काही झेरॉक्स दुकाने आणि टायपिंग केंद्रे ‘टक्केवारी कमी करून देतो’ म्हणतात. वेळ वाचेल का?

वाचणार नाही, आणि धोका मोठा आहे. तेथे होते ते चौथ्या प्रश्नातील शब्दबदलच, तेही विषय न जाणणाऱ्याच्या हातून. मसुदा कोणत्या संग्रहात जमा होतो यावरही आपले नियंत्रण राहत नाही. शिवाय पदवी मिळाल्यावर प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात सर्वांना वाचायला ठेवला जातो. पुढे वाङ्मयचौर्य सिद्ध झाले तर मिळालेली पदवीही स्थगित ठेवण्याची तरतूद २०१८च्या विनियमांत आहे. त्या वेळी उत्तर संशोधकालाच द्यावे लागते, आणि ते देता यावे म्हणून अक्षरे लिहिलेली अहवालाची छापील प्रत आणि टिपणवह्या मौखिक परीक्षेनंतरही जपून ठेवाव्यात.